बायस-व्हेरिअन्स ट्रेडऑफ: मराठीत काय म्हणावं?

पिंपळपान
मशीन लर्निंग नव्याने शिकणाऱ्या कॉलेजच्या मुलांसाठी मराठीत टिपण लिहिते आहे आणि ‘बायस-व्हेरिअन्स ट्रेडऑफ’पाशी अडले आहे. सध्या ‘पूर्वग्रह आणि विचलन यांच्यातली तडजोड’ असं लिहिलंय, पण वाचताना खटकतं.

समजावायला एकाच परीक्षेला बसलेल्या दोन मुलांची गोष्ट घेतली आहे. ओंकारला सरळव्याजाचं सूत्र पक्कं येतं आणि व्याजाचं कुठलंही गणित आलं तरी तो तेच लावतो. मुक्ताने गाईडमधली सोडवलेली गणितं उत्तरांसकट पाठ केली आहेत. परीक्षेतलं गणित पाहिलं की ती त्याच्याशी सर्वात जुळणारं गाईडमधलं गणित आठवते आणि त्याचंच उत्तर लिहिते. ओंकार म्हणजे बायस, मुक्ता म्हणजे व्हेरिअन्स. शब्द सुचवा, आणि गोष्टीत काही चुकत असेल तर तेही सांगा.

शुद्धाक्षर
‘विचलन’ आधी काढा. प्रमाण विचलन हा शब्द मुलांना शाळेपासून माहीत असतो, आणि तो व्हेरिअन्सच्या वर्गमुळाचा आहे. व्हेरिअन्सला संख्याशास्त्रात ‘प्रचरण’ रुळलेला आहे. बायसला ‘अभिनती’ म्हणतात. ‘पूर्वग्रह’ माणसाच्या मनात असतो, सूत्राच्या नाही.

पिंपळपान
प्रचरण चालेल. ‘अभिनती’ मात्र मुलं पाठ करतील आणि विसरतील. ‘कल’ कसा वाटतो?

कोडवाला
एवढं कशाला ताणताय? बायस म्हणजे अंडरफिटिंग, मॉडेल फारच साधं पडणं; व्हेरिअन्स म्हणजे ओव्हरफिटिंग, मॉडेलने डेटा पाठ करणं. हे दोन शब्द सगळ्यांना माहीत आहेत, तेच वापरा. डेटा वाढवला की दोन्ही कमी होतात, हेही लिहून टाका.

पाटीपेन्सिल
मी दहावीला गणित शिकवते. व्हेरिअन्स म्हणजे वर्गातल्या गुणांची तफावत ना? माझ्या वर्गात एकीला ९६ आणि एकाला ३७ आहेत. मग हे प्रचरण एकट्या मुक्ताचं कसं? ते तर सगळ्या वर्गाचं असायला हवं. की मी प्रश्नच चुकीचा वाचतेय?

मध्यगा
पाटीपेन्सिल, तुमची शंका नेमक्या जागी बोट ठेवते. वर्गातल्या गुणांची तफावत इथे अभिप्रेत नाही, पण एकट्या मुक्ताच्या एका पेपरवरूनही प्रचरण कळत नाही हे खरं. गोष्टीत हीच जागा सुटली आहे. कल आणि प्रचरण हे एका उत्तराचे गुण नव्हेत, अभ्यासाच्या पद्धतीचे आहेत. कल म्हणजे त्या पद्धतीचं सरासरी उत्तर बरोबर उत्तरापासून किती ढळतं, प्रचरण म्हणजे गाईड बदललं की उत्तर किती पसरतं. मुक्ताच्या हाती दुसरं गाईड पडलं असतं तर तिने काय लिहिलं असतं, हे विचारल्याशिवाय प्रचरणाबद्दल बोलताच येत नाही.

म्हणून गोष्टीत एकाऐवजी चार मुक्ता घ्या. चौघींची पद्धत तीच, गाईडं वेगळी. परीक्षेतलं गणित असं: मुद्दल १०,००० रुपये, दर द.सा.द.शे. १०, मुदत ३ वर्षं, चक्रवाढ व्याज किती? बरोबर उत्तर ३३१० रुपये. सोपं जावं म्हणून सगळ्या गाईडांत मुद्दल आणि दर हेच ठेवू, फक्त मुदती वेगळ्या.

पहिलीच्या गाईडात ३ वर्षांचं गणित आहे, ती ३३१० लिहिते. दुसरीला सर्वात जवळचं गणित २ वर्षांचं सापडतं, ती २१०० लिहिते. तिसरीच्या गाईडात ४ वर्षांचं आहे, तिचं उत्तर ४६४१. चौथीकडे ३ वर्षांचंच गणित आहे, पण उत्तरात छपाईची चूक आहे, म्हणून ती ३१३० लिहिते. चौघींची सरासरी ३२९५ रुपये २५ पैसे. म्हणजे सरासरीने मुक्ता जवळजवळ अचूक आहे, जेमतेम पंधरा रुपयांचा कल! पण चौघींपैकी कुठल्याही एकीला विचारा, ती हजारभर रुपयांनी चुकलेली असू शकते.

आता चार ओंकार घ्या. गाईड कुठलंही असो, सरळव्याजाने ३००० च येणार. प्रचरण शून्य, कल ३१० रुपयांचा, आणि तो नेहमी एकाच बाजूला.

प्रत्येक चुकीचा वर्ग करून त्या वर्गांची सरासरी काढली तर ओंकारची ९६,१०० येते आणि मुक्ताची ८,१७,०१५. वर्गमूळ घेतलं की ओंकार साधारण ३१० रुपयांनी चुकतो, मुक्ता साधारण ९०४ रुपयांनी. सरासरीने बरोबर असलेली पद्धत जवळजवळ तिप्पट चुकते. मुक्ताच्या ८,१७,०१५ मधला कलाचा वर्ग फक्त २१८ च्या आसपास आहे, उरलेलं सगळं प्रचरण. चुकीच्या वर्गांची सरासरी या दोन भागांत तंतोतंत विभागली जाते, हेच बायस-व्हेरिअन्सच्या सूत्राचं म्हणणं.

पाटीपेन्सिल
आता लक्षात आलं. आमच्याकडे हे दिसतं, फक्त त्याला नाव नव्हतं. एकाच बाकावर बसणाऱ्या, सारखीच पाठांतर करणाऱ्या दोन मुली. एक पेपर सोपा गेला म्हणते आणि दुसरी रडते. गाईडं वेगळ्या प्रकाशनांची. सूत्र लावणाऱ्या मुलांत असा फरक पडत नाही. ती चुकली तरी सगळी एकाच ठिकाणी चुकतात, म्हणून पेपर तपासताना चूक लगेच ओळखू येते.

कोडवाला
बरं, हे मान्य. पण मग मुक्ताला मोठं गाईड द्या. सगळ्या मुदतींची गणितं त्यात असतील.

मध्यगा
मोठ्या गाईडाने मुक्ताचं नक्की सुधारेल, कारण जवळचं गणित सापडण्याची शक्यता वाढेल. पण छपाईच्या चुकाही ती पाठ करतेच आहे, म्हणून त्या चुकांपुरतं प्रचरण उरेलच. आणि ओंकारला हजार गाईडं दिलीत तरी उत्तर ३००० च. त्यामुळे ‘डेटा वाढवला की दोन्ही कमी होतात’ हे वाक्य टिपणात नको. पद्धत तीच ठेवून डेटा वाढवला तर प्रचरण उतरतं, ओंकारसारख्याचा कल तिथेच राहतो. त्याला चक्रवाढीचं सूत्रच शिकवायला हवं.

पिंपळपान
मग मधला मार्ग गोष्टीत कसा दाखवू? ‘थोडं पाठांतर, थोडं सूत्र’ असं लिहिलं तर फार मोघम होतं.

मध्यगा
मुक्ताला एकाऐवजी दोन जवळची गणितं बघायला सांगा, एक कमी मुदतीचं आणि एक जास्त मुदतीचं, आणि उत्तरांची सरासरी लिहायला सांगा. २ आणि ४ वर्षांची गणितं असतील तर २१०० आणि ४६४१ ची सरासरी ३३७०.५०. चूक साठ रुपयांवर आली! छपाईची चूक असली तरी ती आता अर्धीच लागेल. पण बघा, ही चूक वरच्या बाजूला आहे, आणि तसं होणारच, कारण चक्रवाढीचा आलेख वर वळत जातो. मुक्ताने आता थोडा कल पत्करला आणि त्या बदल्यात प्रचरण खूप उतरवलं. हव्यासाने आणखी लांबची गणितं घेतलीत, म्हणजे १ आणि ५ वर्षांची, तर १००० आणि ६१०५.१० ची सरासरी ३५५२.५५ येते. कल २४२ वर गेला, ती जवळजवळ ओंकारच झाली, फक्त उलट्या दिशेने. किती जवळची गणितं घ्यायची हा आकडा वरखाली करत कुठे थांबायचं, ते शोधणं म्हणजे तुमचा ट्रेडऑफ.

कोडवाला
माझ्या कामात हे झालंय. घरभाड्याचा अंदाज करायचा होता. पायरीपायरीने हो-नाही विचारत डेटा वाटत जाणाऱ्या डिसिजन ट्रीला किती पायऱ्या खोल जायचं याची मर्यादाच घातली नव्हती. शिकवायच्या डेटावर चूक शून्य, मी खूश. मग शिकवायचा आणि तपासायचा डेटा वेगळ्या तऱ्हेने विभागून पाहिला, तर त्याच फ्लॅटला एकदा २२ हजार आणि एकदा ३१ हजार. फ्लॅटमध्ये काहीच बदललं नव्हतं. म्हणजे ती माझी मुक्ता. पुढे अशी पुष्कळ झाडं डेटाच्या वेगवेगळ्या तुकड्यांवर वाढवून सरासरी घेतली, रँडम फॉरेस्ट, तेव्हा अंदाज स्थिरावला.

पण इथे मला एक खटकतं. सरासरी घेतल्याने प्रचरण उतरलं आणि कल फारसा वाढला नाही. मग ‘तडजोड’ कुठे झाली? एक द्या तरच दुसरं मिळेल, असं काही घडलं नाही.

शुद्धाक्षर
म्हणजे ‘तडजोड’ शब्दावरच आक्षेप. तो मलाही आहे, पण वेगळ्या कारणाने. तडजोड दोन पक्ष करतात आणि ती झाली की वाद मिटतो. इथे मिटत काहीच नाही. ‘ओढाताण’ म्हणून बघा.

मध्यगा
याला एक जुना आधार आहे. स्टुअर्ट गेमन आणि दोन सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये न्यूरल नेटवर्कवर जो गाजलेला लेख लिहिला, त्याच्या शीर्षकात ट्रेडऑफ नाही, ‘डिलेमा’ आहे. त्या अर्थी मराठीत ‘पेच’ जास्त जवळचा वाटतो. कोडवाला म्हणतात तेही खरं आहे. एकाच पद्धतीचा एकच कान पिळला तर एक उतरतं आणि दुसरं चढतं. झाडांची सरासरी घेणं ही पद्धतच वेगळी आहे, तिथे तेवढी किंमत मोजावी लागत नाही.

आणखी एक गोष्ट टिपणात यायला हवी. प्रचंड मोठ्या न्यूरल नेटवर्कमध्ये मॉडेल वाढवत नेलं की चूक आधी उतरते, मग चढते, आणि डेटा तोंडपाठ होण्याचा टप्पा ओलांडल्यावर पुन्हा उतरू शकते. २०१९ पासून याला ‘डबल डिसेंट’ म्हणतात. चूक दोन भागांत विभागणारं सूत्र याने खोटं ठरत नाही. मोडतो तो ‘मॉडेल मोठं म्हणजे प्रचरण जास्तच’ हा समज.

शुद्धाक्षर
‘पेच’ मला नाही पटत. पेच म्हटलं की सुटणार असं वाटतं.

पाटीपेन्सिल
मुलांनी स्वतःचं कसं ओळखायचं? त्यांच्याकडे चार गाईडं नसतात.

मध्यगा
दोन खुणा सांगा. पहिली: गाईडमधल्याच गणितांची परीक्षा घ्या आणि मग कधी न पाहिलेल्या गणितांची. दोन्हीकडे सारखीच वाईट उत्तरं आली तर ओंकारचा आजार. गाईडमध्ये पैकीच्या पैकी आणि बाहेर आपटी असेल तर मुक्ताचा. दुसरी: त्याच गाईडातली काही पानं चिठ्ठ्या टाकून झाका आणि गणित पुन्हा सोडवायला द्या. दरवेळी वेगळी पानं झाकल्यावर उत्तर हलत असेल तर प्रचरण आहे, दुसऱ्या गाईडाची गरज नाही. कलासाठी मात्र ही युक्ती चालत नाही. ओंकारचं उत्तर पानं झाकली तरी जागचं हलणार नाही, आणि त्यामुळेच तो बरोबर असल्यासारखा भासतो.

पिंपळपान
गोष्ट बदलते आहे. चार मुक्ता, चार ओंकार, व्याजाचं गणित, झाकलेली पानं. ‘कल’ आणि ‘प्रचरण’ पक्के, ‘अभिनती’ एकदा सांगून ठेवेन. ‘ओढाताण’ आणि ‘पेच’ यांत अजून ठरत नाही.

एक राहिलंच: प्रश्नपत्रिकेतच चूक छापली असेल तर?

मध्यगा
ती ओंकारलाही लागणार आणि मुक्तालाही. पूर्ण सूत्रात तिसरा भाग त्याचाच असतो आणि कुठल्याही अभ्यासाने तो कमी होत नाही. गाईडातल्या छपाईच्या चुकीत आणि या चुकीत मुलं गल्लत करतात, म्हणून दोन्ही एकाच परिच्छेदात आणू नका.