शब्दचर्चा: ‘वाचून थक्क व्हाल’ला प्रामाणिक पर्याय काय?

दौत: स्वयंपाकावरच्या एका पानासाठी पोस्ट तपासायचं काम आहे. विषय साधा आणि उपयोगी आहे: तूरडाळ लवकर का शिजत नाही. पण पोस्टची सुरुवात अशी केली आहे:

“तूरडाळ शिजत नाही? ९९ टक्के गृहिणी ही एक चूक करतात! शेवटचा मुद्दा वाचून थक्क व्हाल!!”

आतला मजकूर चांगला आहे. चिंच-कोकम आधी घालू नये, बोअरच्या जड पाण्यात डाळ उशिरा शिजते, जुनी डाळ हट्टी असते आणि चिमूटभर सोड्याने फरक पडतो, एवढं त्यात आहे. मला ‘थक्क व्हाल’, ‘ही एक चूक’, ‘९९ टक्के’ हे काढायचं आहे, पण काढल्यावर उरतं ते मिळमिळीत वाटतं. या शब्दप्रयोगांना नेमके पर्याय हवेत.

भाकरतुकडा: सोडा सुचवू नका. डाळ मऊ होते, पण ब१ जीवनसत्त्व बरंच नष्ट होतं आणि जास्त झाला तर साबणासारखी चव येते. बोअरचं पाणी असेल तर आधी खळखळून उकळा, गार होऊ द्या, तळाशी पांढरा साका बसतो. वरचं पाणी अलगद ओतून घ्या आणि त्यात डाळ लावा.

दौत: धन्यवाद, पण प्रश्न डाळीचा नव्हता, पहिल्या ओळीचा होता. साक्याची माहिती मात्र पोस्टमध्ये घालते. मूळ मजकुरात ती नव्हती.

टाचणी: सोपं आहे. उद्गारचिन्हं काढा आणि प्रश्न विचारा. प्रश्न विचारला की दावा उरत नाही, म्हणजे फसवणूकही उरत नाही. “तूरडाळ का शिजत नाही?” झालं काम.

कोरा_कागद: टाचणी यांचं अर्धं बरोबर आहे. ‘का’चा प्रश्न चालतो, पण प्रश्नचिन्हामुळे ओळ आपोआप प्रामाणिक होत नाही. “कोकमाने मधुमेह बरा होतो का?” हाही प्रश्नच आहे. लिहिणाऱ्याला उत्तर ‘नाही’ असं ठाऊक असतं, तरी वाचणाऱ्याच्या मनात ‘होत असेल’ हे पेरलं जातं. इंग्रजी पत्रकारितेत इयन बेटरिज यांनी २००९ मध्ये हेच नेमकं पकडलं: प्रश्नचिन्हाने संपणाऱ्या मथळ्याचं उत्तर ‘नाही’ असं देता येतं. ज्याला ‘हो’ लिहिण्याइतका आधार नसतो तो प्रश्न लिहितो.

दौत यांच्या ओळीतला प्रत्येक तुकडा वेगळ्या कारणाने बिघडलेला आहे, म्हणून सगळ्यांना एकच औषध चालणार नाही.

‘ही एक चूक’ घ्या. ‘ही’ हे दर्शक सर्वनाम आहे, पण ते ज्याकडे बोट दाखवतं ते मुद्दाम झाकलेलं आहे. बातम्यांमध्ये “अखेर ‘तो’ निर्णय झाला” असं अवतरणातलं ‘तो’ येतं, तीच युक्ती. इथे परीक्षा सोपी आहे: सर्वनामाच्या जागी खरं नाव ठेवा. “९९ टक्के गृहिणी चिंच आधी घालतात.” आता कुतूहल उरलं का? थोडं उरलं, कारण ‘आधी घातली तर काय बिघडतं’ हा प्रश्न मनात येतो. म्हणजे आत माल आहे आणि झाकायची गरजच नव्हती. नाव ठेवल्यावर काहीच उरलं नाही, तर दोष शब्दांचा नसतो. ती पोस्ट एका वाक्याची असते.

‘९९ टक्के’ हा आकडा कुणी मोजलेला नाही. त्याच्या जागी दुसरा आकडा नको, माणूस हवा. हे कुणाला लागू होतं ते लिहा: “बोअरचं पाणी वापरत असाल तर”. वाचक कमी होतील असं वाटतं, पण ज्याच्या घरी बोअर आहे तो याच पाच शब्दांवर थांबतो.

‘थक्क व्हाल’मध्ये तर विषयाबद्दल काहीच नाही. वाचकाला पुढे काय वाटेल याचं ते भाकीत आहे. ‘डोळे पाणावतील’, ‘पायाखालची जमीन सरकेल’ ही त्याचीच भावंडं. याला पर्यायी शब्द शोधू नका. ज्या मुद्द्यावर थक्क व्हायचं तोच मुद्दा वर आणा.

दौत: वर आणला तर शिल्लक काय राहतं? मी एक करून पाहिलं: “तूरडाळ शिजण्यावर परिणाम करणारे चार घटक”. यात खोटं काही नाही, पण मीसुद्धा यावर थांबणार नाही.

कोरा_कागद: बरोबर, क्लिकबेट, म्हणजे क्लिक मिळवायला लावलेलं आमिष, काढताना सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. खोटेपणासोबत ताणही काढून टाकला जातो आणि ओळ पाठ्यपुस्तकातल्या धड्याचं नाव होते.

अर्थतज्ज्ञ जॉर्ज लोवेनस्टाइन यांनी १९९४ मध्ये कुतूहलाची जी मांडणी केली तिचा गाभा असा: जे माहीत आहे आणि जे माहीत करून घ्यावंसं वाटतं, यांतली फट दिसली की माणूस ती भरायला धावतो. यातला महत्त्वाचा भाग असा की फट दिसायला आधी काहीतरी माहीत असावं लागतं. क्लिकबेट सगळंच झाकतं, म्हणून वाचकाच्या हातात काहीच पडत नाही. ‘चार घटक’मध्ये फटच नाही. दोन्हींच्या मधला रस्ता असा: ‘काय’ सांगून टाका, ‘का’ शिल्लक ठेवा.

करायचं कसं, तर आधी अख्ख्या पोस्टचं उत्तर एका वाक्यात लिहा. “जड पाण्यातलं कॅल्शियम डाळीच्या पेशींना धरून ठेवणाऱ्या पेक्टिनला घट्ट करतं, म्हणून ती लवकर मऊ होत नाही.” यातला परिणाम वेगळा काढा: डाळ मऊ होत नाही. कारण बाजूला ठेवा. मग तो परिणाम अशा जागी दाखवा जिथे तो व्हायला नको होता. म्हणजे बाकी सगळं सारखं आणि एकच गोष्ट वेगळी:

“डाळ तीच, कुकर तोच, शिट्ट्या चारच. नळाच्या पाण्यात मऊसूत शिजते, बोअरच्या पाण्यात घोटलीच जात नाही. पाण्यात असं काय असतं?”

इथे एकही गोष्ट लपवलेली नाही. ज्याला कारणात रस नाही त्यालाही कळलं की दोष पाण्याचा आहे. तो पुढे गेला तरी त्याची फसवणूक झाली नाही.

लेखणीबहाद्दर: ओळ छान आहे, पण इथे वेगळा धोका आहे. मूळ पोस्टमध्ये चार कारणं आहेत आणि पाण्यावर दोनच वाक्यं असतील. मग ही सुंदर ओळसुद्धा जास्तीचं वचन देते. पाण्यासाठी आलेल्या माणसाला आधी चिंच, मग जुनी डाळ, मग सोडा वाचावा लागला तर त्याच्या दृष्टीने ते क्लिकबेटच. ओळ बदलली की मजकुराचा क्रमही बदलायला हवा. पाणी पहिल्या परिच्छेदात आणि उत्तर दुसऱ्या परिच्छेदाच्या आत.

कोरा_कागद: पूर्ण मान्य. दुसरी वाट म्हणजे चिंच हाच मुख्य मुद्दा ठेवून ओळ बदलायची: “आमटीत चिंच घालायचीच आहे. मग डाळ शिजण्याआधी घातली तर काय बिघडतं?” आंबटामुळेही पेक्टिन लवकर विरघळत नाही, त्यामुळे एकाच कारणातून पाणी आणि चिंच दोन्ही उलगडतात. बोअर नसलेल्या घरांनाही ही ओळ लागू होते.

रत्नांग्री: माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. आमच्या गटाचं कोकम आगळ विकायचं असतं. सध्याची ओळ: “हे एक पेय प्या आणि चमत्कार पाहा!” वर सांगितल्याप्रमाणे ‘का’ शिल्लक ठेवायचं म्हटलं, तर विक्रीच्या पोस्टमध्ये ठेवू काय? लोकांना कारण नको असतं, बाटली हवी असते.

लेखणीबहाद्दर: मग उत्तरही देऊन टाका. “सोलकढी खारट होते? आगळात मीठ आधीच असतं. आधी आगळ घाला, चाखा, मगच मीठ.” ज्याची सोलकढी खारट झाली आहे तो थांबतो, त्याचं काम होतं आणि हे लोक जाणकार आहेत हेही त्याला कळतं. खाली बाटलीची किंमत आणि माप सरळ लिहा. ‘चमत्कार’ मात्र आजच काढा. खाण्यापिण्याच्या वस्तूला आरोग्याचा मोघम दावा चिकटवणं हे नुसतं क्लिकबेट नाही, त्याने माणसाचं नुकसान होऊ शकतं.

टाचणी: प्रश्नचिन्हाबद्दल पटलं. पण एक शंका आहे. झाकलेल्या ओळीवर लोक जास्त येतात हे तर दिसतंच. मग पानवाल्याने का सोडावं?

कोरा_कागद: येतात, पण टिकत नाहीत. शिवाय मंचही त्याकडे बघतात. फेसबुकने २०१६ मध्ये आणि पुन्हा २०१७ मध्ये अशा मथळ्यांची पोच कमी करण्याचे बदल जाहीर केले. दुसऱ्या वेळी दोन दोष वेगवेगळे तपासायला घेतले: माहिती दडवणं आणि अतिशयोक्ती करणं. दौत यांच्या ओळीत दोन्ही आहेत. ‘ही एक चूक’ दडवते, ‘थक्क व्हाल’ फुगवतं. २०१७ च्या अखेरीस “मैत्रिणीला टॅग करा”, “सहमत असाल तर लाइक करा” अशा मागण्यांवरही त्यांनी तोच उपाय लावला. यूट्यूबनेही डिसेंबर २०२४ मध्ये भारतासाठी जाहीर केलं की शीर्षकात किंवा चित्रात एक आणि व्हिडिओत दुसरंच असेल, तर कारवाई होईल.

घरच्या घरी ओळखायची खूण मात्र प्रतिक्रियांमध्ये असते. खाली कुणीतरी “वेळ वाचवतो: चिंच नंतर घाला” असं लिहिलं आणि त्याखाली आभारांची रांग लागली, तर समजा की ओळीने ‘काय’ दडवलं होतं. प्रतिक्रियांमध्ये “आमच्याकडे टँकरचं पाणी आहे, त्याला हेच लागू का?” असे प्रश्न आले, तर ओळीने नेमके वाचक आणले.

दौत: लांबीचं काय? तुमची डाळ-कुकरची ओळ मोठी आहे.

लेखणीबहाद्दर: मोबाइलवर पोस्ट दुमडली जाते आणि सुरुवातीच्या काहीच ओळी दिसतात, म्हणून ‘बोअरच्या पाण्यात’ हे शब्द त्या घडीच्या वर यायला हवेत. प्रसिद्ध करण्याआधी स्वतःच्या फोनवर बघा. एक्सवर मोफत खात्याला २८० चिन्हांची मर्यादा आहे आणि तिथे मराठीला फटका बसतो, कारण मात्रा आणि हलन्त वेगळे मोजले जातात. ‘शिट्ट्या’ डोळ्यांना दोन अक्षरं दिसतात, मोजताना आठ होतात. तिथे शेवटचा प्रश्न गाळा. “घोटलीच जात नाही” इथे थांबलात तरी ‘का’ वाचकाच्या मनात आपोआप येतो.

शब्दपारखी: एक राहिलं. सगळ्या मथळ्यांच्या शेवटी चिकटलेलं ‘जाणून घ्या’. ते हिंदीतून उचललेलं आहे, तेही काढा.

कोरा_कागद: ‘जाणून घेणे’ मराठीच आहे, त्याला परकं म्हणता येणार नाही. अडचण जागेची आहे. मथळ्याच्या शेवटी ते काहीच सांगत नाही आणि चार मोलाची अक्षरं खातं.

शब्दपारखी: मला अजून पटत नाही. आज्ञार्थी वापरायची ही लकब आपली नाही. आणि वाचकाला थांबवणाऱ्या अशा सुरुवातीला इंग्रजीत ‘हुक’ म्हणतात, त्याला मराठीत ‘गळ’ म्हणणाऱ्यांनाही माझी हरकत आहे, कारण गळाला आमिष आलंच. ‘उत्सुकतेची ओळ’ म्हणावं.

रत्नांग्री: ‘पहिली ओळ’ म्हटलं तर? गटातल्या बायकांना तेच लगेच कळेल.

दौत: आत्तापुरती ‘पहिली ओळ’. बोअर असलेल्या गावांच्या पानावर पाण्याची ओळ टाकते आणि मजकुरात पाणी वर घेते, उकळून साका बसवण्याच्या कृतीसह. शहरातल्या पानावर चिंचेची. सोड्याचा मुद्दा ठेवायचा की काढायचा यावर मात्र घरातच एकमत नाही. ठेवला तर ब१ चं वाक्य त्याला लागूनच येईल, खाली टीप म्हणून नाही.