मीडिएशनची परिकल्पना: अप्रत्यक्ष परिणाम तर आला, पण प्रबंधात नेमकं काय लिहू?

घाटवाट:
विश्लेषणाचं प्रकरण लिहितेय, सल्ला हवा आहे. खासगी रुग्णालयांतल्या 212 परिचारिकांकडून एकदाच प्रश्नावली भरून घेतली. परिकल्पना अशी, की कामाचा भार वाढला की भावनिक थकवा वाढतो आणि त्या थकव्यातून नोकरी सोडण्याचा इरादा वाढतो. तिन्ही मोजपट्ट्या 1 ते 5 गुणांच्या. PROCESS मॉडेल 4, बूटस्ट्रॅप 5000.

भार ते थकवा (a) 0.42, SE 0.07
थकवा ते इरादा, भार धरून (b) 0.35, SE 0.08
थेट परिणाम 0.11, 95% मध्यांतर −0.05 ते 0.27
अप्रत्यक्ष परिणाम 0.147, मध्यांतर 0.07 ते 0.23

गाइड म्हणतात, "पूर्ण मीडिएशन सिद्ध झालं असं लिही." व्हायवाला बाहेरचे परीक्षक नेमकं हेच वाक्य धरतील अशी धास्ती वाटते.

सरळरेषा:
आधी बॅरन-केनींच्या 1986 च्या पायऱ्या पूर्ण करा. एकूण परिणाम सिग्निफिकंट असेल तरच पुढे जायचं. सोबेल टेस्टही जोडा, परीक्षक विचारतात. आणि उलटं मॉडेल चालवून बघा, म्हणजे भार, मग इरादा, मग थकवा. त्याचा फिट खराब आला की तुमची दिशा पक्की.

बाणांची_दिशा:
उलटं मॉडेल चालवून बघावंसं वाटणं योग्यच आहे, पण त्यातून दिशा पक्की होणार नाही. तीनच चल आणि तिन्ही बाण जोडलेले असले की मॉडेलमध्ये एकही डिग्री ऑफ फ्रीडम उरत नाही. दोन्ही दिशांना फिट तंतोतंत सारखाच, म्हणजे परिपूर्ण, येतो. उलट्या मॉडेलचा अप्रत्यक्ष परिणामही बहुतेक वेळा सिग्निफिकंट निघतो. जिने नोकरी सोडायचं मनाशी ठरवलंय, तिला तेच काम जास्त थकवणारं वाटू शकतं. ही शक्यता आकडेवारी खोडून काढत नाही, हे स्वतःहून लिहिलेलं बरं.

एकूण परिणामाची अट आता धरत नाहीत. थेट आणि अप्रत्यक्ष परिणाम विरुद्ध चिन्हांचे असतील तर बेरीज शून्याजवळ येते, तरीही मधला मार्ग असू शकतो. सोबेल टेस्ट a आणि b च्या गुणाकाराचं वितरण सममित धरते, ते तसं नसतं. तुमच्याकडे बूटस्ट्रॅप आहे, तेवढं पुरे.

आता "पूर्ण" या शब्दाविषयी. तो कशाच्या जोरावर येतोय? थेट परिणामाच्या मध्यांतरात शून्य आहे म्हणून. पण त्याच मध्यांतरात 0.27 सुद्धा आहे, म्हणजे अप्रत्यक्ष परिणामाच्या जवळजवळ दुप्पट. थेट मार्ग नाही असं तुमची आकडेवारी म्हणत नाही. 212 जणींमध्ये तो नीट मोजता आला नाही, एवढंच ती म्हणते. नमुना लहान केला की हे मध्यांतर आणखी रुंदावतं, म्हणजे जितकी कमी माणसं तितकं "पूर्ण" मीडिएशन सोपं! "57 टक्के परिणाम थकव्यामार्फत" हेही टाळा. 0.147 भागिले 0.257 केलं की तो आकडा येतो खरा, पण एवढ्या नमुन्यात तो फार हलतो.

रात्रपाळी:
थोडं वेगळं. रात्रपाळी करणाऱ्यांत भाराने थकवा जास्त वाढतो. मग पाळी हाच मीडिएटर घ्यायला हवा ना?

बाणांची_दिशा:
नाही. पाळीमुळे त्या नात्याची तीव्रता बदलते, म्हणून ती मॉडरेटर. भारामुळे कुणाची पाळी बदलत नाही, मग ती साखळीच्या मधोमध कशी बसेल? तो प्रश्न इंटरॅक्शनचा, त्यासाठी मॉडेल 7 बघा.

चिठ्ठ्या_टाकून:
माझा अभ्यास प्रयोगाचा आहे. चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडले, एकाला ताण-व्यवस्थापनाची सत्रं दिली. मग मला ही पथ्यं नकोत, बरोबर?

बाणांची_दिशा:
अर्धी नकोत. गट चिठ्ठ्यांनी पाडलेत, म्हणून सत्रांचा मीडिएटरवरचा परिणाम आणि एकूण परिणाम हे दोन्ही कारण म्हणून वाचता येतात. पण मीडिएटरची पातळी तुम्ही चिठ्ठ्या टाकून वाटलेली नाही. तिच्यावर आणि शेवटच्या परिणामावर एकत्र असर करणारं तिसरं काही असेल, तर b फुगतो आणि त्याच्यासोबत गुणाकारही. हा कच्चा दुवा प्रयोगातही राहतो.

घाटवाट, तुमच्या बाबतीत असं तिसरं कारण किती जोरकस हवं, ते मोजता येतं. b चा t म्हणजे 0.35 भागिले 0.08, साधारण 4.4. त्यावरून भार धरून थकवा आणि इरादा यांचा आंशिक सहसंबंध 0.29 निघतो. R मधल्या `mediation` पॅकेजचं `medsens` हेच सांगेल: दोन समीकरणांच्या उरलेल्या त्रुटींमध्ये 0.29 इतका सहसंबंध असेल, तर अप्रत्यक्ष परिणाम शून्यावर येतो. म्हणजे न मोजलेल्या एखाद्या गोष्टीने थकवा आणि इरादा दोन्हींच्या उरलेल्या फरकातला प्रत्येकी 29 टक्के भाग व्यापला, की निष्कर्ष गेला. मूळचा चिंतातुर स्वभाव किंवा वॉर्डच्या इनचार्जची वागणूक एकेकटी एवढं करेल का, यावर दोन परिच्छेद लिहा. व्हायवात ते उपयोगी पडतील.

सरळरेषा:
फिटचं माझं चुकलंच. PROCESS च्या आकड्यांची फेरतपासणी lavaan मध्ये करायची तर?

बाणांची_दिशा:

```r
m <- '
  thakva ~ a*bhar + vay + anubhav
  irada  ~ cp*bhar + b*thakva + vay + anubhav
  ab    := a*b
  total := cp + ab
'
set.seed(212)
fit <- sem(m, data = d, se = "bootstrap",
           bootstrap = 5000)
parameterEstimates(fit, boot.ci.type = "perc")
```

वय आणि अनुभव PROCESS मध्येही घेतले असतील तरच आकडे जुळतील, आणि घ्यायचे तर दोन्ही समीकरणांत हवेत. एकातच टाकले तर a किंवा b पैकी एकाचं नियंत्रण राहून जातं. एक झटपट पडताळा: थेट अधिक अप्रत्यक्ष म्हणजे एकूण, इथे 0.11 + 0.147 = 0.257. वेगळं रिग्रेशन करून काढलेला एकूण परिणाम याच्याशी जुळत नसेल, तर बहुतेक वेळा रिकाम्या उत्तरांमुळे दोन ठिकाणी माणसांची संख्या वेगळी पडलेली असते.

कागदपेन्सिल:
आकड्यांआधी विधानं वाचा. थकव्याच्या मोजपट्टीत "सकाळी ड्युटीवर जायचं म्हटलं की नको वाटतं" असं काही असेल, तर ते इराद्याच्याही अगदी जवळचं आहे. ते एक विधान काढून b पुन्हा बघा. निम्म्यावर आला तर मीडिएशन शब्दांच्या सारखेपणातून येत होतं.

घाटवाट:
अगदी तसंच एक विधान आहे! काढून बघते. आता वाक्य असं लिहू का?

"एकाच वेळी गोळा केलेल्या या माहितीत भार आणि इरादा यांच्यातला संबंध अंशतः थकव्यामार्फत असल्याच्या परिकल्पनेशी निष्कर्ष सुसंगत आहेत (अप्रत्यक्ष परिणाम 0.147, 95% बूटस्ट्रॅप मध्यांतर 0.07 ते 0.23). थेट संबंधाचा अंदाज अनिश्चित आहे. घटनांचा क्रम या आराखड्यातून ठरवता येत नाही."

बाणांची_दिशा:
"अंशतः" काढा, तो शब्दही थेट मार्ग आहे असं गृहीत धरतो. शिवाय आकड्याचा अर्थ सांगा: भार एका गुणाने जास्त असलेल्या परिचारिकांत, मॉडेलची गृहीतकं खरी असतील तर, थकव्यामार्फत इरादा 0.15 गुणांनी जास्त दिसतो, तोही 1 ते 5 च्या पट्टीवर. हे वाचलं की परिणाम केवढा छोटा आहे ते कळतं. मर्यादांमध्ये मॅक्सवेल आणि कोल यांचा 2007 चा मुद्दा आणा: काळानुसार घडणारी मध्यस्थी एकाच वेळच्या मोजमापातून काढली तर अंदाज बराच चुकू शकतो, काही वेळा मध्यस्थी मुळीच नसताना ती दिसते.

कागदपेन्सिल:
मग मंजूर शीर्षकात "मध्यस्थ भूमिका" कशी राहील? माझ्या मते आरएसीकडून बदलून घ्यावं.

बाणांची_दिशा:
मला पटत नाही. परिकल्पना आधी जशी मांडली तशीच राहू द्यावी. आकडे बघून ती बदलणं जास्त वाईट. शीर्षक प्रश्न विचारतं, उत्तर निष्कर्षाच्या प्रकरणात सावधपणे देता येतं.

कागदपेन्सिल:
परिकल्पना बदलू नये, हे मान्य. पण शीर्षक प्रश्न विचारत नाही, विधान करतं. आणि ग्रंथालयात प्रबंध शोधणारा शीर्षकच वाचतो.

घाटवाट:
ते विधान वगळून बघितलं. b 0.35 वरून 0.27 झाला, SE तेवढीच. अप्रत्यक्ष परिणामाचं मध्यांतर अजून शून्याच्या वर आहे, पण खालचं टोक बरंच जवळ आलं. दोन्ही आकडे तक्त्यात शेजारी देते. शीर्षकाचं सोमवारी गाइडना विचारते.