मदत हवी आहे: पल्स छोटा केला की बँडविड्थ वाढते कशी? (०F पाठवला, F8 आला)

केळीबाग_रावेर

नमस्कार मंडळी. रावेरजवळ आमची केळीची बाग आहे. विहिरीवरच्या खोलीत एक अर्डुइनो नॅनो आहे, तो पाण्याची पातळी आणि मोटरचा करंट मोजतो. तिथून साध्या टेलिफोनच्या जोडतारेने माहिती घराकडे येते, अंतर साधारण ४० मीटर. घरीही तसाच नॅनो आहे. मोटरचा स्टार्टर ओढला की कचरा यायचा, म्हणून घराकडच्या टोकाला १० किलोओहमचा रेझिस्टर आणि त्यामागे १ नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावला. तेव्हापासून सेकंदाला ९६०० बिटच्या वेगाने वर्षभर एक बाईट चुकला नाही.

गेल्या आठवड्यात दोन्हीकडे ११५२०० केलं आणि सगळं बिघडलं. विहिरीवरचा नॅनो घरी आणून टेबलावर वीतभर वायरीने जोडून पाहिलं, तरी तेच. एकेक सेकंदाच्या अंतराने एकच बाईट पाठवला. 0x00 नीट येतो. 0xFF येतच नाही. आणि 0x0F पाठवला की दरवेळी 0xF8 येतो. कचरा असता तर रोज वेगळा आला असता ना?

डिप्लोमाला शिकलो होतो की पल्स जितका छोटा, तितकी बँडविड्थ जास्त लागते. पाठ केलं, पेपरात लिहिलं, पण डोक्यात कधी शिरलंच नाही. पल्स छोटा झाला म्हणजे तारेवर तो कमी वेळ असतो. मग त्याला जागा कमी लागायला हवी, जास्त का?

सोल्डरगन

बॉडरेटची चूक आहे. १६ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवर ११५२०० नेमका जमत नाही, प्रत्यक्षात ११७६४७ निघतो. साधारण २.१ टक्क्यांचा फरक. क्रिस्टल बदला.

शहादा_नेट

बँडविड्थ कमी पडत असेल तर आधी प्लॅन बघा. आमच्याकडे १०० चा घेतलाय, संध्याकाळी २० पण मिळत नाही. तक्रार करून थकलो.

केळीबाग_रावेर

शहादा भाऊ, इंटरनेटचा विषय नाही हा, दोन नॅनोमधली तार आहे. सोल्डरगन, फरक मान्य, पण दोन्ही टोकांना तोच नॅनो आणि तेच क्रिस्टल आहे. दोन्ही घड्याळं सारखीच पुढे पळतात, मग चुकेल कशाला? शिवाय रेझिस्टर-कपॅसिटर काढला की टेबलावर ११५२०० ठणठणीत चालतं.

धारदार_कडा

सगळा खेळ कडांचा आहे. चौकोनी पल्सची कड एकदम उभी असते, उभ्या कडेत खूप वरच्या फ्रिक्वेन्सी असतात. फिल्टर त्या खातो, कड गोल होते. पल्सच्या रुंदीशी काही संबंध नाही. ०.३५ भागिले राइज टाइम, झाली बँडविड्थ.

केळीबाग_रावेर

इथेच तर अडतो. ९६०० ला आणि ११५२०० ला कड सारखीच उभी आहे, तोच पिन, तोच नॅनो. कड खाल्ल्याने बिघडत असेल तर ९६०० ला पण बिघडायला हवं होतं.

जुना_तारवाला

तुमचा हा प्रश्न फार नेमका आहे, तिथूनच सुरू करू. नोकरीत आयुष्यभर तांब्याच्या तारा जोडल्या, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

पल्समध्ये एखादी फ्रिक्वेन्सी किती आहे, हे मोजायची रीत साधी आहे. त्या फ्रिक्वेन्सीची साइन लाट पल्सखाली धरायची. लाटेचा जेवढा तुकडा पल्सच्या रुंदीत मावतो, तेवढ्याचीच बेरीज करायची. लाटेचा वरचा भाग अधिक, खालचा उणे.

आता तुमचा ९६०० चा बिट घ्या, १०४ मायक्रोसेकंदांचा. त्याखाली १ किलोहर्ट्झची लाट धरली तर तिचा जेमतेम दहावा भाग मावतो. सगळा एकाच बाजूचा, म्हणून बेरीज भरघोस. फ्रिक्वेन्सी वाढवत नेली की लाट आतल्या आत वळायला लागते, अधिकमधून उणे जातं. ९.६ किलोहर्ट्झला बरोबर एक पूर्ण लाट मावते, वर जितकी तितकीच खाली. बेरीज शून्य. तिथे स्पेक्ट्रमचा मुख्य डोंगर संपतो. पुढे लहान लहान टेकड्या असतात, पण पल्सच्या ऊर्जेतले साधारण ९० टक्के या डोंगरातच असतात.

आता बिट ८.६८ मायक्रोसेकंदांचा करा. तीच ९.६ किलोहर्ट्झची लाट त्याखाली धरा. मघाशी पूर्ण वेटोळं मावत होतं, आता बाराव्या हिश्शाचा तुकडा मावतो. खोडायला उणे बाजूच नाही! खोडाखोड व्हायला लाट बारापट वेगाने वळायला हवी, म्हणजे डोंगर थेट ११५.२ किलोहर्ट्झपर्यंत पसरला. T म्हणजे पल्सची रुंदी धरली तर पहिलं शून्य 1/T ला येतं ते यामुळे. छोटा पल्स वेगवेगळ्या लाटांमध्ये फरकच करू शकत नाही, सगळ्या त्याला सारख्याच सरळ दिसतात. म्हणून सगळ्या त्याच्यात थोड्या थोड्या असतात.

जागा कमी लागायला हवी असं तुम्हाला वाटलं, त्यातही तथ्य आहे. डोंगर पसरतो तसा बसकाही होतो. शून्य फ्रिक्वेन्सीपाशी त्याची उंची म्हणजे पल्सचं क्षेत्रफळ, व्होल्टेज गुणिले वेळ. तीही बाराव्या हिश्शावर आली. तुमच्या फिल्टरचा कटऑफ १५.९ किलोहर्ट्झ. लांब पल्सचा अख्खा डोंगर त्याच्या आत बसला. छोट्याचा डोंगर आधीच बसका, त्यात बाहेर पडलेला भाग फिल्टरने कापला. हातात उरलं काय?

धारदार_कडा यांचं चूक नाही, पण ते टेकड्यांबद्दल बोलताहेत. कड उभी असेल तर दूरच्या टेकड्या हळूहळू उतरतात, कड तिरकी केली तर भराभर उतरतात. मुख्य डोंगराची रुंदी मात्र बिटच्या वेळेवरच ठरते.

केळीबाग_रावेर

काका, हे आज पहिल्यांदा कळलं. पण मग 0x0F चा 0xF8 च का?

जुना_तारवाला

तेच वेळेच्या बाजूने बघा. १० किलोओहम गुणिले १ नॅनोफॅरड म्हणजे १० मायक्रोसेकंद. ओळ रिकामी असताना ५ व्होल्टवर असते. स्टार्ट बिटला ती शून्याकडे निघते, पण ८.६८ मायक्रोसेकंदांत फक्त २.१ व्होल्टपर्यंत पोचते. अडीच व्होल्टखाली गेली ती ६.९ व्या मायक्रोसेकंदाला. 0x0F मध्ये खालचा बिट आधी जातो, म्हणजे स्टार्टनंतर लगेच चार एक. ओळ लगेच परत वर. अडीचखाली ती जेमतेम सव्वातीन मायक्रोसेकंद राहिली. घेणारा नॅनो पडती कड दिसल्यावर अर्धा बिट, म्हणजे साधारण सव्वाचार मायक्रोसेकंद थांबून पुन्हा बघतो. तेव्हा ओळ वर. तो म्हणतो, खोटा स्टार्ट होता, सोडून द्या.

पुढे चार एक संपून चार शून्य येतात. ओळीला खाली जायला भरपूर वेळ मिळतो. त्यातलं पहिलं शून्य त्याला स्टार्ट वाटतं, उरलेली तीन शून्यं डेटा, आणि पुढची रिकामी ओळ म्हणजे पाच एक. खालून लिहा: 000 11111. झाला 0xF8. 0xFF मध्ये एकटा स्टार्ट बिटच तेवढा शून्य, तो गिळला गेला की काहीच येत नाही. 0x00 मध्ये एकटा बिटच नाही, म्हणून तो सुखरूप. कचरा रोज वेगळा असतो, बँडविड्थ कमी पडली की चूक अशी शिस्तीत होते.

शिरपूर_पंपवाला

भाऊ, मनं बी असंच व्हयनं. मी वैतागून कपॅसिटरच काढून टाकला होता. दोन दिवस मस्त चाललं, तिसऱ्या दिवशी स्टार्टरने ओढलं आणि टाकी भरलेली असताना रीडिंग रिकामी दाखवली. पाणी वाफ्यात. कपॅसिटर काढू नका.

बिटमोज्या

काढायची गरजच नाही, लहान करा. नायक्विस्टने १९२८ मध्येच दाखवलं की बिटदराच्या निम्मी बँडविड्थ पुरते. ११५२०० ला ५७.६ किलोहर्ट्झ. काका ११५ सांगताहेत ती उधळपट्टी आहे.

जुना_तारवाला

नायक्विस्टची हद्द एकदम काटकोनात कापणाऱ्या फिल्टरची आहे, आणि तिथे पल्स चौकोनी राहतच नाही, मधोमध बघितला तर बरोबर वाचता येतो इतकंच. ११५ मी पुरे म्हणून सांगितलेलं नाही, तो डोंगराचा पायथा आहे. पण तुमचा आकडा इथे चालेल हे खरं. ५७.६ चा कटऑफ ठेवला तर एका बिटात ओळ ९५ टक्क्यांच्या पुढे पोचते. कपॅसिटर २७० पिकोफॅरड लावला की साधारण तेवढाच होतो.

धारदार_कडा

माझा ठोकताळा बिटदराच्या ०.७ पटीचा आहे. निम्म्यावर मी तरी भरवसा ठेवणार नाही, तार लांब आहे.

शिरपूर_पंपवाला

आणि स्टार्टरचं काय?

जुना_तारवाला

तोच खरा पेच. स्टार्टरची ठिणगी हाही एक पल्सच आहे, तोही फार छोटा. समजा २० व्होल्टची आणि १ मायक्रोसेकंदाची. तिचा डोंगर १ मेगाहर्ट्झपर्यंत. जुन्या फिल्टरमागे ती १.९ व्होल्टची उरते, अडीचखाली, म्हणून वर्षभर सुख. २७० पिकोफॅरडमागे तीच ६ व्होल्टच्या वर जाईल. छोट्या बिटला दार उघडलं की ठिणगीलाही तेच दार. फिल्टर माणूस ओळखत नाही.

एक विचारू का? ११५२०० हवंय कशाला?

केळीबाग_रावेर

खरं सांगू? लायब्ररीच्या उदाहरणात तोच आकडा होता. दर सेकंदाला ६४ बाईट जातात. ९६०० ला सेकंदाला ९६० मावतात.

सोल्डरगन

😂 मग धागा कशाला काढला! तरी हट्टच असेल तर दोन तारांत उलटसुलट सिग्नल देणारी आरएस-४८५ ची चिप लावा, ठिणगी दोन्ही तारांवर सारखी येते आणि वजा होते.

केळीबाग_रावेर

हट्ट नाही, पण आता बघायचंच आहे. २७० पिकोफॅरड लावला. टेबलावर 0x0F चा 0x0F आला, 0xFF पण आला. विहिरीवर या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची आहे, दहानंतर. मोटर दहावेळा चालूबंद करतो आणि किती बाईट बिघडतात ते मोजून इथे टाकतो. जुना कपॅसिटर खिशात ठेवलाय.