‘सत्तर रुपये वारले’ मधलं ‘वारले’

पाटपाणी: काल ऑफिसात एकजण म्हणाला, माझे पाचशे वारले. उधार दिलेले, परत येणार नाहीत असा अर्थ. समोरच्या मुलीने ‘अशी ही बनवाबनवी’ पाहिलेलाच नाही, तरी तिला लगेच कळलं. मग प्रश्न पडला की पैशाला ‘वारले’ आधीपासून म्हणायचे का हे पिक्चरमुळेच आलं?

खानदेशी: मूळ हिंदी ना ते? ‘बीवी और मकान’, १९६६.

जुनी_वही: कथा तिकडची बरोबर, पण १९८८ च्या मराठीचे संवाद वसंत सबनीसांचे, आणि ही गंमत मराठी क्रियापदाच्या जिवावर आहे. पिक्चरमध्ये घरमालक सरपोतदारांनी मधुमेहाच्या औषधासाठी मानेंना सत्तर रुपये दिलेले, तो औषधवाला माणूस वारला म्हटल्यावर पाठोपाठ रुपयेही वारले. आता तिथे ‘गेले’ घालून बघा, काहीच होत नाही, कारण पैसे तसेही जातातच. ‘मेले’ पण चालत नाही, ‘मेला तो फोन’ आपण रागात रोज म्हणतो. ‘वारणे’ मात्र फक्त माणसासाठी आणि तेही आदराने, म्हणून रुपयांना लावलं की रुपयांचं सुतक लागल्यासारखं वाटतं.

सायलीची_आई: वाऱ्यावरून आलाय का हा शब्द? वाऱ्यावर गेले पैसे, असं?

जुनी_वही: शब्द कुठून आला ते माहीत नाही ओ. इथे सरळ निधन झाले एवढाच अर्थ.

कट्टा९२: आमच्याकडे व्हीसीआर भाड्याने आणून हाच पिक्चर कितीदा लागायचा, नंतर टीव्हीवर. पण ‘धनंजय माने इथेच राहतात का’ आम्ही अजून जसंच्या तसं म्हणतो, कुणाच्या दारात उभं राहिलं की, आणि त्यातला एक शब्द बदलला तर मजा जाते, ‘वारले’ मात्र कशालाही लावतो, फोन वारला, मिक्सर वारला.

जुनी_वही: फोनला लावलं की थोडं फिकं होतं बघा. ‘काका वारले’ मधलं ‘वारले’ आदरार्थी अनेकवचन, आणि रुपये मुळातच अनेकवचनी, म्हणून रूप हुबेहूब तेच येतं. ‘फोन वारला’ म्हटलं की आदर गळला, अर्धी गंमत तिथेच संपली.

सायलीची_आई: आमच्याकडे सासरे जाऊन महिना झाला नव्हता आणि मुलगा बोलून गेला, चष्मा वारला. सासूबाई उठून आत गेल्या. त्याला नऊ वर्षांच्या पोराला काय कळतंय, त्याने तो शब्द आधी जोकमध्येच ऐकलेला, माणसासाठी नंतर.

पाटपाणी: हे डोक्यातच आलं नव्हतं. म्हणजे लहान मुलांसाठी ‘वारणे’ आता विनोदी शब्द झालाय का?

खानदेशी: गावाकडे नाही. तिथे अजून ‘वारले’ म्हटलं की आधी विचारतात, कोण?