महिला ग्रुप: एचपीव्ही पॉझिटिव्ह, पण पॅप नॉर्मल?

रश्मी, बी-३०४: मेधाकाकू, जावेला विचारूनच इथे लिहितेय. तिचं वय ३४. रिपोर्टमध्ये "हाय-रिस्क एचपीव्ही पॉझिटिव्ह, १६ व १८ निगेटिव्ह" असं आहे आणि पॅपपुढे "एनआयएलएम". रात्रभर डोळ्याला डोळा नाही तिच्या.

डॉ. मेधा, ए-१०२: आधी तिला सांग, हा कॅन्सरचा रिपोर्ट नाही. एनआयएलएम म्हणजे पेशी नॉर्मल. एचपीव्ही हा विषाणू शरीरात आहे, पण पॅपमध्ये, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशींच्या तपासणीत, बदल दिसलेला नाही. बहुतेकींच्या शरीरातून तो एक-दोन वर्षांत आपोआप जातो. वर्षानुवर्षं टिकतो तो धोक्याचा, आणि त्यालाही कॅन्सरपर्यंत जायला साधारण १०-२० वर्षं लागतात. विषाणू मारायचं औषध नाही, त्यामुळे कुणी गोळ्या सुचवल्या तर पैसे घालवू नका. १२ महिन्यांनी टेस्ट परत करायची, एवढं मात्र चुकवायचं नाही. तेव्हाही पॉझिटिव्ह आली तर कॉल्पोस्कोपी. त्यात दुर्बिणीतून बघतात, सौम्य ॲसेटिक ॲसिड लावलं की संशयाची जागा पांढरी दिसते, तिथला छोटा तुकडा तपासायला घेतात.

स्मिता, सी-२०१: विषाणूचा १६ किंवा १८ हा प्रकार असता तर?

डॉ. मेधा: पॅप नॉर्मल असला तरी लगेच कॉल्पोस्कोपी. गर्भाशयमुखाचे सुमारे ७० टक्के कॅन्सर या दोन प्रकारांमुळे होतात.

रश्मी: काकू, घरात आणखी एक चाललंय. भावोजी म्हणतात, हे आलं कुठून?

डॉ. मेधा: हे रिपोर्टवरून कुणालाच सांगता येत नाही. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो, पण कित्येक वर्षं गप्प राहून नंतर दिसू शकतो, लग्नाआधीचाही असू शकतो, दोघांपैकी कुणाकडूनही. यावरून तिच्यावर संशय घेणं सरळ अन्याय आहे. भावोजींना माझ्याकडे पाठव, मी बोलते.

स्मिता: मग तिने आता एचपीव्हीची लस घेतली तर विषाणू जाईल?

डॉ. मेधा: नाही गं. लस नवीन संसर्ग अडवते, असलेला घालवत नाही. म्हणून ती शरीरसंबंध सुरू होण्याआधी सगळ्यात उपयोगी. तुझी सई १३ ची ना? १५ पूर्ण होण्याआधी सुरुवात केली तर सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस पुरतात. १५ पूर्ण झाल्यावर सुरुवात केली तर साधारणपणे तीन. २६ पर्यंत राहिलेल्यांनी जरूर घ्यावी. पुढे फायदा कमी होत जातो, तेव्हा डॉक्टरांशी बोलून ठरवा. आणि लस घेतली तरी तिशीपासून तपासणी हवीच, लशीत सगळे प्रकार नसतात.

रश्मी: जाऊ विचारतेय, यंदा दुसरं बाळ ठरवलं होतं. थांबायचं का?

डॉ. मेधा: या रिपोर्टसाठी थांबायची गरज नाही. लस मात्र गरोदरपणात देत नाही. मध्ये दिवस गेले तर उरलेले डोस बाळंतपणानंतर. वर्षभराची टेस्ट गरोदरपणात आली तर तिथल्या डॉक्टरांना हा रिपोर्ट दाखवायचा, ते तारीख ठरवतील. कागद फाईलमध्ये लावून ठेव म्हणावं.