सिबिल रिपोर्टमध्ये जुनं कार्ड ‘रिटन ऑफ’, पैसे भरलेत तरी!

मिलिंद (मुलुंड)
नमस्कार मंडळी, न्यू जर्सीहून परत येऊन वर्ष झालं तरी आपली ही मेलिंग लिस्ट सोडवत नाही. मुलुंडला फ्लॅट बघितला, होम लोनला गेलो तर मॅनेजर म्हणाला तुमच्या रिपोर्टमध्ये एक क्रेडिट कार्ड रिटन ऑफ आहे, म्हणजे बँकेने बुडीत धरलंय, ४१,२०० बाकी. हे कार्ड मी २०११ मध्ये मुंबईत घेतलं होतं, २०१४ मध्ये तिकडे गेलो आणि विसरलो, मग डिसेंबर २०१९ मध्ये सुट्टीवर आलो तेव्हा बँकेत जाऊन पैसे भरले, लेटर आहे माझ्याकडे. सिबिलच्या साइटवर डिस्प्यूट टाकला, स्टेटस ‘क्लोज्ड’ करा म्हणून, सतराव्या दिवशी उत्तर आलं की बँकेने माहिती बरोबर असल्याचं कळवलंय, बदल नाही. आता काय करू?

प्रसाद
अरे टेन्शन नको घेऊ, सात वर्षांनी निगेटिव्ह एंट्री आपोआप जाते. माझी गेली.

सुहासकाका (पार्ले)
प्रसाद, ती तुझी अमेरिकेची गोष्ट, तिथे बहुतेक नोंदी सात वर्षांनी काढाव्याच लागतात. इथे नियम उलट्या बाजूने आहे, सिबिलसारख्या क्रेडिट ब्युरोने माहिती किमान सात वर्षं ठेवायची. पुसायचीच असं कुठे नाही, वाट बघत बसू नकोस रे मिलिंद.

मी चोवीस वर्षं कर्जखात्यात काढली म्हणून विचारतो, दोन गोष्टी बघून सांग. त्या कार्डाच्या एंट्रीत ‘डेट रिपोर्टेड’ काय आहे? आणि लेटरमधलं वाक्य जसंच्या तसं टाइप कर.

अनघा
काका, माझ्याही रिपोर्टमध्ये चूक आहे!! मी आयुष्यात कार लोन घेतलं नाही तरी एक दिसतंय आणि त्यात एका महिन्याच्या चौकोनात ०६० लिहिलंय. भाऊजींच्या गाडीच्या वेळी मी फक्त सही केली होती.

मिलिंद
काका, डेट रिपोर्टेड ३१-०३-२०१८. लेटरमध्ये आहे, “रु. २५,००० पूर्ण व अंतिम सेटलमेंट म्हणून स्वीकारले”.

सुहासकाका
सापडलं बघ. बँकेने २०१८ नंतर त्या खात्याची माहिती पाठवलीच नाही, आणि तू भरलेस २०१९ मध्ये, म्हणजे रिपोर्ट तुझ्या पैसे भरण्याच्या आधीच थांबलाय. चूक खरी आहे पण तू मागितलंस तेच चुकीचं. ४१,२०० पैकी २५,००० घेऊन बँकेने १६,२०० सोडले, त्याला ‘क्लोज्ड’ म्हणत नाहीत, म्हणून त्यांनी नाही म्हटलं. मागायचं ते हे की बाकी शून्य करा आणि स्टेटस रिटन ऑफनंतर सेटल्ड असं करा.

ब्युरो स्वतःहून काही बदलत नाही, तुझी तक्रार बँकेकडे ढकलतो आणि बँक जे म्हणेल ते छापतो. तेव्हा लेटर, भरल्याची पावती आणि रिपोर्टचं ते पान थेट बँकेच्या नोडल ऑफिसरला मेल कर, कार्डाचे शेवटचे चार आकडे तिन्हीकडे जुळतात ना ते आधी बघ. बँकेला २१ दिवस, एकूण ३०, त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई, हे एप्रिल २०२४ पासून लागू आहे. तारीख लिहून ठेव.

अनघा, ती सही जामीनदाराची होती गं. त्या एंट्रीत ‘ओनरशिप’समोर ‘गॅरंटर’ असेल. ०६० म्हणजे भाऊजींचा हप्ता साठ दिवस उशिरा. ती चूक नाही, भाऊजींशी बोल.

अनघा
अगं बाई. आता जाऊबाईंना कसं सांगू.

मिलिंद
अपडेट देतो. एकोणिसाव्या दिवशी बँकेचा मेल आला, बाकी शून्य, स्टेटस सेटल्ड, सिबिलवर दिसतंयही. पण होम लोनवाला म्हणतो सेटल्ड पण आम्हाला चालत नाही, आणि त्याने एक्स्पेरियन या दुसऱ्या ब्युरोचा रिपोर्ट काढला त्यात अजून रिटन ऑफच!! काका, सोडलेले १६,२०० आता भरले तर क्लोज्ड होईल का?

सुहासकाका
काही बँका करतात, काही नाही म्हणतात. पैसे टाकायच्या आधी लेखी घे, की एवढी रक्कम मिळाल्यावर खातं क्लोज्ड म्हणून कळवू, नाहीतर १६,२०० पण गेले आणि स्टेटस पण तिथेच. एक्स्पेरियनचं त्याच मेलवर विचार, बँकेने चारही ब्युरोंना माहिती पाठवायची असते.

प्रसाद
मग सात वर्षांचं खोटंच का काका? माझी तर इंडियातली गेली होती.

सुहासकाका
इंडियातली? कुठल्या बँकेचं, कधीचं? रिपोर्ट असेल तर वैयक्तिक पाठव, बघतो.