‘मुख्य जेवणासोबत’ म्हणजे नेमके कधी?

कोपरीकर: वडिलांना हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी रिव्हारोक्साबान २० मि.ग्रॅ.ची गोळी सुरू आहे. चिठ्ठीवर ‘मुख्य जेवणासोबत, दिवसातून एकदा’ असे लिहिले आहे. ते दुपारी पोटभर जेवतात आणि रात्री फक्त पेलाभर दूध घेतात, तरी गोळी मात्र रात्री ८ वाजताच घेतात. काल ती राहिली आणि आज सकाळी ७ वाजता लक्षात आले. ‘मुख्य’ म्हणजे रात्रीचेच का, आणि आता काय करावे?

वाशीकर: पित्त होऊ नये म्हणूनच असे लिहितात, त्यामुळे दुधासोबतही चालेल. दिवस उलटला असल्याने कालची गोळी सोडून द्या. रात्री दोन मात्र घेऊ देऊ नका.

नेरूळचा औषधविक्रेता: दोन गोळ्यांबाबत आपले म्हणणे बरोबर आहे, पित्ताबाबत नाही. २० मि.ग्रॅ.ची गोळी रिकाम्या पोटी घेतली, तर जेवणासोबत शोषली जाते त्याच्या सुमारे दोन-तृतीयांशच शोषली जाते, म्हणजे गोळी रोज घेऊनही गुठळीपासूनचे संरक्षण अपुरे राहते. म्हणून ‘मुख्य’ याचा अर्थ भरपेट असा घ्यावा. वडिलांसाठी ते दुपारचे जेवण ठरेल, पण वेळ बदलताना दोन गोळ्या जवळजवळ येऊ नयेत, यासाठी तो बदल डॉक्टरांना विचारूनच करावा.

राहिलेल्या गोळीबाबत युरोपातील हृदयतज्ज्ञांच्या मार्गदर्शनानुसार, दिवसातून एकदाच घ्यायची गोळी ठरलेल्या वेळेनंतर १२ तासांपर्यंत घेता येते. इथे ११ तास झाले आहेत, तेव्हा ती आत्ताच भरपूर न्याहारीसोबत द्यावी आणि आजची रात्री नेहमीच्या वेळी द्यावी. दुपारी आठवले असते, तर कालची सोडली असती. मूत्रपिंड अशक्त असेल किंवा कुठून रक्त जात असेल, तर मात्र आधी डॉक्टरांना फोन करावा.

वाशीकर: तरीही ‘दिवसातून एकदा’ यातील दिवसाचा अर्थ मी मध्यरात्रीपर्यंतच असा घेतो, आणि चिठ्ठी वाचणारे बहुतेक जण तसाच घेतील.

घणसोलीकर: माझ्या आईला सकाळ-संध्याकाळ ॲपिक्साबान आहे. तिची सकाळची राहिली, तर संध्याकाळी ५ वाजता द्यायला हरकत नाही ना?

नेरूळचा औषधविक्रेता: ते औषध वेगळे आहे. दिवसातून दोनदा घ्यायच्या गोळीला हीच मुभा ६ तासांची आहे, त्यामुळे सकाळी ८ ची गोळी संध्याकाळी ५ वाजता देऊ नये, थेट पुढची द्यावी. शिवाय त्या गोळीला जेवणाची अट नाही.

कोपरीकर: डॉक्टरांशी बोलून सकाळीच पोह्यांसोबत गोळी दिली; दुपारच्या वेळेचा निर्णय ते पुढच्या भेटीत घेणार आहेत. संकष्टीला मात्र वडील दिवसभर फळांवर असतात आणि चंद्रोदयानंतर जेवतात.

नेरूळचा औषधविक्रेता: तोपर्यंत रात्रीचीच वेळ असल्याने, त्या दिवशी ८ वाजता फळासोबत देण्यापेक्षा उपवास सोडतानाच्या जेवणासोबत द्यावी. तास-दीड तासाच्या उशिराने बिघडत नाही.

वाशीकर: आणि एकादशीला साबुदाण्याची खिचडी ‘मुख्य जेवण’ धरायची का?

नेरूळचा औषधविक्रेता: ताटभर असेल तर मी धरेन, वाटीभर असेल तर नाही, पण हे माझे मत झाले, चिठ्ठी लिहिणाऱ्यालाच विचारलेले बरे.